फार्म प्लॉटच्या ब्रोशरसाठी ड्रोन-दृश्याचा प्रॉम्प्ट: उंची, कोन आणि सावली आधी कागदावर

दादर किंवा अंधेरीच्या ऑफिसात बसून कर्जत-मुरबाडच्या जमिनीचं ब्रोशर करणाऱ्यांच्या कामात एक चूक सारखी दिसते. एआयकडून चित्र काढून घेताना प्रॉम्प्टमध्ये 'ड्रोन व्ह्यू, गोल्डन अवर, हिरवीगार शेती, डोंगर, अल्ट्रा रिअलिस्टिक' असं एका दमात लिहिलं जातं. चित्र देखणं येतं, पण झाड घराच्या तिप्पट मोठं दिसतं, दोन एकरांचा प्लॉट वीस एकरांचा वाटतो आणि घराची सावली एकीकडे तर झाडांची दुसरीकडे पडते. ब्रोशर पाहून रविवारी कर्जत लोकल पकडून जाणारं कुटुंब बांधावर उभं राहिलं की फरक त्यांच्या लगेच लक्षात येतो. पुढचा प्रत्येक शब्द मग ते संशयानेच ऐकतात.

यावर उपाय असा की प्रॉम्प्ट अगदी शेवटी लिहायचा. त्याआधी कॅमेऱ्याची उंची, त्याचा कोन आणि सूर्याची दिशा त्या जमिनीवरून ठरवायची. खाली एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतलं आहे. कर्जतजवळची आंब्याची बाग, १२० मीटर लांब आणि ६७ मीटर रुंद, म्हणजे साधारण दोन एकर. लांब बाजू दक्षिणोत्तर आहे. मुरुमाचा रस्ता पश्चिमेच्या कडेने जातो. नैऋत्य कोपऱ्यात एक छोटं कौलारू घर आहे.

## टप्पा १: जमिनीची खरी मापं गोळा करा

मालकाकडून मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मागून घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, आकार कळत नाही, आणि चित्रासाठी आकारच लागतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एक एकर. पण दोन एकर लांबट पट्टीतही बसतात आणि चौकोनातही, वरून पाहताना या दोन्ही जमिनी अगदी वेगळ्या दिसतात. उत्तर दिशा कुठे आहे ती नकाशावर ठळक खूण करून ठेवा. तिसऱ्या टप्प्यात तिच्यावाचून पान हलणार नाही.

नंतर जमिनीवरच्या चार-पाच गोष्टींची मापं लिहा. रस्त्याची रुंदी, घराची लांबी, झाडांची उंची, झाडाच्या पसाऱ्याची रुंदी, दोन झाडांतलं अंतर. आपल्या उदाहरणात घर १० मीटर लांब, झाडं ५ मीटर उंच आणि ६ मीटर पसाऱ्याची आहेत. कलमं जुन्या पद्धतीने दहा-दहा मीटरवर लावली आहेत. त्यामुळे लांबीत बारा झाडं आणि रुंदीत सहा ओळी बसतात, घराची जागा सोडून सत्तरच्या आसपास झाडं. हा हिशेब जपून ठेवा, कारण एआयला बाग म्हटलं की ते चित्रात चारपाचशे झाडं भरतं आणि जमीन आपोआप कितीतरी मोठी दिसू लागते.

प्रत्यक्षात कलमं गेल्या वर्षी लावलेली आणि गुडघ्याएवढी असतील तर तीच लिहा. दहा वर्षांची बाग दाखवून लहान रोपं विकणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

तपासा: उत्तर दिशा, दोन्ही बाजूंची लांबी आणि किमान तीन ओळखीच्या वस्तूंची मापं कागदावर आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: उंची आणि कोन ठरवा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

आपल्याकडे २०२१च्या ड्रोन नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये, म्हणजे आधी परवानगी लागत नाही अशा भागात, जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. त्यामुळे लोकांनी आजवर पाहिलेली जमिनींची ड्रोन-छायाचित्रं बहुतेक त्या खालचीच असतात. चित्र ५०० मीटरवरून घेतल्यासारखं आलं तर ते विमानातून काढल्यासारखं वाटतं आणि पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नसलं तरी खटकतं. दोन-तीन एकरांसाठी ५० ते ८० मीटर पुरे होतात.

आता चौकटीत किती जमीन मावते ते पाहा. नेहमीच्या ड्रोनच्या लेन्सची नजर २४ मिलिमीटरच्या आसपासची धरली, तर ३:२ आकाराच्या चित्रात मध्यावर दिसणारी रुंदी ही कॅमेऱ्यापासूनच्या सरळ अंतराच्या दीडपट असते. कॅमेरा ६० मीटरवर आणि क्षितिजापासून ३० अंश खाली झुकलेला असेल, तर चौकटीच्या मध्यावरची जमीन तिरक्या रेषेत १२० मीटरवर येते. त्याची दीडपट १८० मीटर. रस्त्याकडून, म्हणजे लांब बाजूकडून पाहिलं की आपला १२० मीटरचा प्लॉट त्यात दोन-तृतीयांश रुंदी व्यापतो आणि शेजारची खाचरंही दिसतात. ब्रोशरच्या मुख्य चित्राला असंच हवं.

या कोनात आकाश दिसत नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. वरची कड क्षितिजाच्या साडेतीन अंश खाली राहते. आकाश हवं म्हणून कॅमेरा २० अंशांवर आणला तर प्लॉट चपटा होत होत एक बारीक पट्टी उरते आणि आकार कळतच नाही. म्हणजे जमिनीचा आकार आणि मागचा डोंगर, दोन्ही एकाच चित्रात नीट बसत नाहीत. एआयकडे दोन्ही मागितले की ते जमीन वरून पाहिल्यासारखी काढतं आणि डोंगर समोरून पाहिल्यासारखा. खोटेपणा तिथे शिरतो. डोंगर हवाच असेल तर दुसरं चित्र करा, कमी उंचीचं आणि कमी झुकावाचं. ते जागेचा परिसर सांगेल, प्लॉटचा आकार पहिल्या चित्राने सांगितलेला असेल.

गूगल अर्थ प्रोमध्ये याच ठिकाणी जाऊन हे डोळ्यांनी पाहता येतं. खालच्या पट्टीत `elev` म्हणजे जमिनीची आणि `eye alt` म्हणजे नजरेची उंची दिसते. दोन्ही समुद्रसपाटीपासूनच्या असतात, त्यामुळे त्यांची वजाबाकी ६० मीटरच्या आसपास यायला हवी. नुसतं `eye alt` ६० मीटर ठेवलं तर कर्जतसारख्या ठिकाणी तुम्ही जवळजवळ जमिनीलाच टेकाल.

सावधान: 'टॉप व्ह्यू' आणि 'ड्रोन व्ह्यू' हे शब्द एकाच प्रॉम्प्टमध्ये लिहू नका. पहिल्याचा अर्थ कॅमेरा सरळ खाली, दुसऱ्याचा बहुधा तिरका. एआय दोन्हींच्या मधलं काहीतरी काढतं आणि घराच्या भिंती विचित्र कलतात.

## टप्पा ३: दिवस, वेळ आणि सावलीची दिशा

'गोल्डन अवर' लिहिलं की सगळं केशरी होतं आणि सावल्या वाटेल तिकडे पडतात. त्याऐवजी एक तारीख आणि एक वेळ ठरवा. suncalc.org वर जागेवर टाचणी लावून तारीख-वेळ टाकली की सूर्याची दिशा आणि उंची मिळते.

आपण डिसेंबरची सुरुवात आणि दुपारचे ३ घेऊ. तेव्हा कर्जतला सूर्य नैऋत्येला, क्षितिजापासून साधारण ३४ अंश वर असतो. सावली वस्तूच्या उंचीच्या जवळपास दीडपट पडते, ईशान्येकडे. पाच मीटरच्या झाडाची सावली साडेसात मीटर. झाडं दहा मीटरवर आहेत, म्हणजे मधली मोकळी जमीन अजून दिसते आणि ओळी स्पष्ट राहतात. एक तास पुढे, ४ वाजता सावली सव्वादोन पटींहून थोडी जास्त होते. ती शेजारच्या ओळीपर्यंत पोचते आणि बाग काळपट, गिचमीड दिसते. संध्याकाळचा प्रकाश कितीही आवडत असला तरी बागेच्या हवाई चित्राला ३ची वेळ जास्त मानवते.

मे महिन्याच्या मध्यात भर दुपारी मात्र मुंबईच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा झाडाची सावली झाडाखालीच दडते आणि वरून पाहताना उंची कळायला काही उरत नाही. ती वेळ टाळा.

आता सूर्याची दिशा कॅमेऱ्याच्या दिशेशी जुळवा. आपला कॅमेरा पश्चिमेच्या रस्त्याकडून पूर्वेला पाहतो. पूर्वेला तोंड केल्यावर नैऋत्येचा सूर्य पाठीमागे उजवीकडे येतो. म्हणून चित्रात प्रकाश उजव्या खालच्या बाजूने येणार आणि सगळ्या सावल्या डावीकडे वर जाणार. हे वाक्य तसंच्या तसं लिहून ठेवा, प्रॉम्प्टमध्ये तेच लागतं. एआयला नैऋत्य कळत नाही, चौकटीतला उजवा-डावा कळतो.

डोंगराच्या दुसऱ्या चित्रालाही दुपारचीच वेळ घ्या. कर्जतच्या पूर्वेला सह्याद्रीचा जो कडा दिसतो त्याचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी तो सावलीत असतो आणि सूर्य त्याच्या मागून येतो. 'पहाटेच्या कोवळ्या उन्हात उजळलेला कडा' कोकणाच्या बाजूने दिसतच नाही आणि तिथल्या माणसाला हे ठाऊक असतं.

ऋतू आणि प्रकाशही एकाच दिवसाचे हवेत. डिसेंबरमध्ये भात कापून झालेला असतो, खाचरांत पिवळी धसकटं उरतात, गवत वाळायला लागतं. आंब्याची पानं मात्र गर्द हिरवी असतात. मालक हिरवळ मागणारच. त्यांना सांगा, ऑगस्टची हिरवळ हवी तर ऑगस्टचं ढगाळ, जवळजवळ सावली नसलेलं ऊनही घ्यावं लागेल. ऑगस्टचं गवत आणि डिसेंबरची लांब सावली एकत्र आली की चित्र बनावट दिसतं.

तपासा: महिना, वेळ, प्रकाश चौकटीच्या कुठल्या बाजूने, सावली कुठे आणि किती लांब. पाचही गोष्टी लिहिल्या का?

## टप्पा ४: रेखाटन करा

एआयला '१२० मीटर' हा आकडा फारसा समजत नाही. चित्रातला आकार समजतो. म्हणून १८०० बाय १२०० पिक्सेलचा कोरा कागद उघडा आणि प्लॉटची चौकट काढा. आपल्या उंचीला आणि कोनाला ती अशी येते: जवळची कड खालून ३८० पिक्सेलवर, सुमारे १५८० पिक्सेल लांब. दूरची कड खालून ७३५ पिक्सेलवर, सुमारे ९७० पिक्सेल लांब. मधे दोन्ही टोकं सरळ रेषांनी जोडा. खाली रुंद आणि वर अरुंद असा हा चौकोन पाहूनच प्लॉट किती मोठा आहे ते जाणवतं.

या मापाचा एक मोठा फायदा असा की चौकटीच्या मध्यावर १ मीटर म्हणजे बरोबर १० पिक्सेल येतो. जवळच्या कडेवर तो १३ आणि दूरच्या कडेवर ८ होतो. त्यामुळे कोपऱ्यातलं घर १३० पिक्सेलचं, शेजारी उभी चार मीटरची मोटार ५० पिक्सेलची काढा. झाडांसाठी नुसती वर्तुळं पुरतात, पुढची सुमारे ८० पिक्सेलची आणि शेवटच्या ओळीतली ५० पिक्सेलची. राखाडी रंगात काढलेलं हे रेखाटन संदर्भ-चित्र म्हणून द्या. संदर्भ-चित्र घेणाऱ्या कुठल्याही साधनात शब्दांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

## टप्पा ५: प्रॉम्प्ट लिहा

क्रम असा ठेवा: आधी कॅमेरा, मग जमीन, मग प्रकाश. रंग-पोताची विशेषणं शेवटी आणि मोजकी. चित्र काढणारी साधनं इंग्रजी सगळ्यात नीट ओळखतात, म्हणून प्रॉम्प्ट इंग्रजीत आहे.

कॅमेरा:

```
Aerial photograph from about 60 metres up,
tilted 30 degrees below horizontal. Land fills
the frame right up to the top edge.
```

यात ड्रोन हा शब्द मुद्दाम नाही. तो लिहिला की कधी कधी चित्रातच एक ड्रोन उडताना येतो. 'आकाश नको' असंही लिहिलेलं नाही, कारण बऱ्याच साधनांत आकाशाचं नाव काढलं की आकाश येतं. जे हवं तेच लिहायचं, जमीन वरच्या कडेपर्यंत.

जमीन:

```
Two-acre mango orchard near Karjat, Maharashtra.
Six evenly spaced rows of trees, wide bare earth
between them. Small single-storey house, clay tile
roof, near right corner, as long as two and a half
cars. One white hatchback on a narrow dirt track
along the near edge.
```

घराचं माप मोटारीच्या हिशेबाने दिलं आहे. मोटार किती मोठी असते हे एआयला पक्कं माहीत असतं, १० मीटरचं घर माहीत नसतं. अशी एकच ओळखीची वस्तू पुरते. मोटार, बैलगाडी, माणसं, गाई असं सगळं घातलं तर प्रत्येकाचं माप वेगळं चुकतं.

प्रकाश:

```
Early December, mid-afternoon. Sunlight from the
lower right; every shadow falls to the upper left,
one and a half times the object's height. Neighbouring
rice fields are dry stubble. Light haze far away,
natural colour.
```

तिन्ही भाग एकाखाली एक जोडा. मिडजर्नी वापरत असाल तर शेवटी `--ar 3:2` लिहा. प्लॉटच्या हद्दीची लाल रेषा, प्लॉट नंबर, दिशेचा बाण यातलं काहीही एआयकडून काढून घेऊ नका. ते मोजणीच्या नकाशावरून नंतर तुमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं.

## टप्पा ६: आलेलं चित्र मोजा

चित्र आवडलं की नाही हे नंतर. आधी ते १८०० पिक्सेल रुंद करा आणि पट्टी लावा. मोटार ५०च्या आसपास आहे का? ती १२० भरली तर कॅमेरा फार खाली आला आहे, ६० मीटरचं दृश्य २५ मीटरचं झालं आहे. घर मोटारीच्या अडीचपट आहे का? शेवटच्या ओळीतली झाडं पहिल्या ओळीतल्यांच्या साधारण साठ टक्के आहेत का? सगळी सारखीच असतील तर एआयने नकाशासारखं सपाट चित्र काढलं आहे. ओळी सहाऐवजी सात आल्या तर चालवून घ्या, वीस आल्या तर नाही.

सावलीसाठी घर, मोटार आणि तीन झाडं निवडा. प्रत्येकाच्या बुडापासून सावलीच्या टोकापर्यंत रेघ ओढा. सगळ्या रेघा डावीकडे वर जायला हव्यात. एक जरी उलटी गेली तर चित्र बाद, किंवा साधनात तेवढाच भाग पुन्हा काढून घ्यायची सोय असेल तर तो भाग दुरुस्त करा.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच ओळ बदला. कॅमेरा चुकला तर फक्त पहिला भाग, सावली चुकली तर फक्त तिसरा. सगळा प्रॉम्प्ट नव्याने लिहिला की नेमकं कशाने सुधारलं ते कळत नाही आणि पुढच्या कामाला काहीच हाती लागत नाही.

## समुद्रकिनाऱ्याचं रिसॉर्ट असेल तर

क्रम हाच, फक्त दोन गोष्टी बदलतात. अलिबाग, नागाव, काशीद हे किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत. तिथे सूर्य समुद्रात मावळतो, उगवतो जमिनीकडून. संध्याकाळच्या चित्रात माडांच्या सावल्या पाण्यापासून दूर, वाडीकडे पडायला हव्यात. आणि रायगडचं पाणी गढूळ, राखाडी-हिरवं असतं. नुसतं 'बीच' लिहिलं तर एआय पांढरी वाळू आणि निळंशार पाणी काढतं. वाळूचा आणि पाण्याचा रंग स्वतः काढलेल्या फोटोवरून पाहून शब्दांत लिहा.

## टप्पा ७: छपाईआधी

पानभर चित्रासाठी आडव्या ए-४ ला ३०० डीपीआयने ३,५०८ पिक्सेल रुंदी लागते. १,५०० पिक्सेलचं चित्र त्या हिशेबाने जेमतेम १३ सेंटीमीटर छापलं जाईल. मोठं करावंच लागतं, पण मोठं करणारी साधनं नसलेले बारकावे स्वतः भरतात. कौलं, पानं आणि तारेचं कुंपण शंभर टक्के झूम करून पाहा. कौलांच्या ओळी मधेच वळल्या असतील तर तिथे हाताने दुरुस्ती करा.

शेवटी चित्र आणि 'क' प्रत शेजारी ठेवून मालकासोबत बसा. नसलेली विहीर, ओढा, डांबरी रस्ता किंवा शेजारचं जंगल चित्रात आलं असेल तर ते काढून टाका. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या आणि त्यामुळे नुकसान झालेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते, व्यवहारातून बाहेर पडून पैसेही परत मागता येतात. जमीन त्या कायद्याखाली येत असो वा नसो, चित्राखाली 'संगणकीय कल्पनाचित्र, प्रत्यक्ष छायाचित्र नाही' ही ओळ मजकुराच्याच आकारात, त्याच पानावर छापा आणि ब्रोशरमध्ये प्लॉटचा आजचा एक खरा फोटोही द्या.